पापडाचा तीन वर्षांचा अंदाज

आमच्या गटाला उडदाचे पापड वाळवायला सोलर ड्रायर घ्यायचा होता. बँकेने सांगितलं, पुढच्या तीन वर्षांत विक्री किती होईल ते लिहून आणा. त्याच सुमारास तालुक्याच्या कॉलेजातली बी.कॉम.ची एक मुलगी आमच्याकडे दोन महिन्यांसाठी फायनान्स इंटर्न म्हणून आली होती. हे काम आम्ही तिला दिलं.

तिने तासाभरात एक्सेलमध्ये तक्ता करून आणला. गेल्या वर्षीची विक्री चार लाखांच्या आसपास होती. तिने दरवर्षी २५ टक्के वाढ धरली, म्हणून पहिल्या वर्षी पाच लाख, दुसऱ्या वर्षी सव्वासहा आणि तिसऱ्या वर्षी ७ लाख ८१ हजार. दिसायला फार छान. पण गटातल्या मावशींनी विचारलं, "अगं, एवढे पापड वाळवायचे किती दिवस?" पोरगी गप्प. २५ टक्के कुठून आले, ते तिलाही सांगता येईना.

मग आम्ही दोघी रजिस्टर घेऊन बसलो. विक्रीचा आकडा थेट लिहायचा नाही, तो ज्या गोष्टींतून तयार होतो त्या एकेका ओळीत मांडायच्या, असं ठरवलं. गेल्या वर्षी कडक उन्हाचे, कामाचे दिवस ११० भरले होते. दिवसाला १५ किलो माल व्हायचा. त्यातला ९० टक्के विकला गेला, बाकी तुटला किंवा दुकानातून परत आला. भाव २७० रुपये किलो होता, यंदा आम्ही २८० ठरवला.

तक्त्यात B, C आणि D हे तीन रकाने तीन वर्षांचे. दुसऱ्या ओळीत दिवस, तिसरीत रोजचे किलो, चौथीत विकला जाणारा भाग, पाचवीत भाव, आणि सहावीत विक्री. ती हाताने लिहायची नाही, सूत्राने येऊ द्यायची. दरवर्षी भाव ५ टक्के वाढेल असं धरलं आणि तो आकडा B8 मध्ये ठेवला.

```
B6: =B2*B3*B4*B5
C5: =B5*(1+$B$8)
```

डॉलरचं चिन्ह पाहून घाबरू नका. सूत्र पुढच्या रकान्यात ओढलं तरी B8 जागचा हलू नये, एवढंच त्याचं काम. एक गंमत सांगते. पहिल्यांदा विकलेला भाग लिहिताना टक्क्याचं चिन्ह राहिलं, तर विक्री ४ कोटी १५ लाख आली! आकडा अचानक शंभरपट दिसला की आधी तिथे बघावं.

पहिल्या वर्षी ड्रायर नाही, म्हणून दिवस ११०च ठेवले. विक्री आली ४ लाख १५ हजार ८००. दुसऱ्या वर्षापासून ड्रायरमुळे ४० दिवस वाढतील असं धरून १५० केले. दुसऱ्या वर्षाची विक्री ५ लाख ९५ हजार, तिसऱ्याची सव्वासहा लाख. तिचा पहिला आकडा उलटा मोजून पाहिला, तर ७ लाख ८१ हजारांसाठी १८७ दिवस पापड वाळवावे लागले असते. ड्रायर धरूनही आमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. मावशींचं म्हणणं असं आकड्यात उतरलं.

शेवटच्या रकान्यात प्रत्येक आकडा कुठून आला ते लिहिलं. ११० दिवस आणि १५ किलो रजिस्टरवरून, वाढीव ४० दिवस विक्रेत्याच्या सांगण्यावरून, भाववाढ आमचा अंदाज. नुसता अंदाज असलेल्या खान्यांना पिवळा रंग दिला. आधी पिवळा लावायला तिला संकोच वाटत होता, आपलं काम कच्चं दिसेल म्हणून. मी म्हटलं, राहू दे.

बँकेतल्या साहेबांनी बोट ठेवलं ते मात्र रंग न लावलेल्या खान्यावर. "माल वाढला तरी ९० टक्केच विकला जाईल कशावरून? गिऱ्हाईक तेच ना?" बरोबर होतं. ९० टक्के हे कमी मालाचं रजिस्टर होतं. तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या खान्यात ९०च्या जागी ७५ टक्के घातले. तिसऱ्या वर्षाची विक्री सव्वासहा लाखांवरून ५ लाख २१ हजारांवर आली, म्हणजे लाखाहून जास्त खाली. आणि ही नुसती विक्री. डाळ, तेल, मजुरी आणि कर्जाचा हप्ता अजून त्यातून जायचाच होता.

त्या रात्री बैठकीत आम्ही दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. शेजारच्या आठवडी बाजारात जागा मिळते का, ते दोघी बघून येणार असं ठरलं. तोवर मोठा ड्रायर नको, निम्म्या किमतीचा घ्यावा, असं मावशीच म्हणाल्या, आणि कर्जाचा अर्ज आम्ही तेवढ्याचाच भरला.