कलिंगड कुठं कमी पडलं? सॅलड आणि फळांचा हिशोब

मागच्या भागात आपण चपात्या आणि भाताच्या अंदाजाबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ताई, सॅलड आणि फळांचं काय? तो अंदाज दर वेळी चुकतो. तर आज तेवढंच बोलूया. माझं माहेर तासगाव, सासर साताऱ्याचं, आणि जेवणाच्या ऑर्डरी दोन्हीकडच्या घेते, त्यामुळं उदाहरणं इकडचीच येतील.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. सांगलीला एक रिसेप्शन होतं, चारशे माणसांचं, फेब्रुवारी महिन्यात. फळांच्या टेबलावर कलिंगड, पपई, अननस आणि द्राक्षं. मी हिशोब असा केला होता: माणशी कलिंगडाच्या ५० ग्रॅम फोडी, म्हणजे चारशे माणसांना २० किलो. सालीत आणि कडेच्या पांढऱ्या भागात ४५ टक्के जातात हे मला माहीत होतं. म्हणून २० किलोवर ४५ टक्के वाढवले आणि २९ किलो कलिंगड आणलं. मनात म्हटलं, घट धरली आहे, आता चिंता नाही.

शेवटच्या ऐंशी माणसांना कलिंगड मिळालं नाही. आणि बुफेला शेवटी कोण जेवतं? दिवसभर राबलेली घरची माणसं, गाड्यांचे ड्रायव्हर, बँडवाले. वधूच्या मामांनी रिकामी परात बघितली आणि एवढंच म्हणाले, "वहिनी, कलिंगड एवढं महाग झालंय का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मी कंजुषी केली नव्हती, माझं गणित चुकलं होतं.

चूक कुठं झाली ते बघा. ४५ टक्के घट असते ती आणलेल्या फळाच्या वजनावर. मी ती काढली लागणाऱ्या फोडींच्या वजनावर. २९ किलो कलिंगड कापलं की त्यातले ५५ टक्के हाताला लागतात, म्हणजे १६ किलो. मला हवे होते २०. चार किलो कमी पडले, आणि ५० ग्रॅमनं चार किलो म्हणजे बरोबर ऐंशी माणसं.

हे मला नीट कळलं ते उसावरून. आपल्या सातारा-सांगलीत साखर उतारा कुणाला माहीत नाही? उतारा १२ टक्के म्हणजे टनाला १२० किलो साखर. आता मला सांगा, एक क्विंटल साखर काढायला ऊस किती लागेल? ८८ टक्के घट आहे म्हणून एक क्विंटल ८८ किलो ऊस गाळला, तर साखर निघेल साडेबावीस किलो. कुठलाही शेतकरी असं गणित करणार नाही. तो शंभराला उताऱ्यानं भागतो, आणि आठ क्विंटलच्या वर ऊस लागेल असं पटकन सांगतो. फळांचंही तेच आहे. घट वाढवायची नाही, उताऱ्यानं भागायचं. २० किलो भागिले ०.५५, म्हणजे साडेछत्तीस किलो. मी आणायला हवं होतं ३७ किलो.

भागाकार नको वाटत असेल तर दुसरी सोपी रीत आहे. एक किलो फोडींना बाजारातून किती फळ लागतं, ते पाठ करून ठेवायचं. कलिंगडाला एक किलो आठशे. पपईचा उतारा साधारण ६५ टक्के पडतो, म्हणून तिला दीड किलो. अननसाचा तुरा, साल, डोळे आणि मधला दांडा काढला की निम्माच राहतो, म्हणजे दोन किलो. डाळिंबाचंही तसंच, दाणे साधारण निम्मे निघतात, म्हणून आटपाडीचं डाळिंब मी फोडींवर पेरायला वापरते, वेगळी वाटी ठेवत नाही. द्राक्षांत मात्र देठ आणि दबलेले मणी सोडले तर काहीच जात नाही, किलोला पन्नास-साठ ग्रॅम जास्त धरले की झालं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही तशीच, हिरवी टोपी काढली की दहा टक्क्यांच्या आत घट. पण ती आदल्या दिवशी धुऊन ठेवली तर नरम पडते आणि मग निवडून टाकायची वाढते.

आता त्याच चारशे माणसांच्या फळांचा हिशोब पुन्हा मांडूया. जेवणात एक गोड पदार्थ असेल तर मी माणशी १२० ग्रॅम कापलेलं फळ धरते. यात जे फळांच्या टेबलाकडं जातच नाहीत आणि जे दोनदा जातात, ते दोघंही आले. कलिंगड ५०, पपई ३०, अननस २०, द्राक्षं २०. वीस ग्रॅम द्राक्षं म्हणजे पाच-सहा मणी. त्यामुळं घड न ठेवता कात्रीनं पाच-सहा मण्यांचे झुपके करून ठेवायचे. अख्खा घड ठेवला की पहिली दहा माणसं तो उचलतात.

चारशे माणसांना कलिंगड २० किलो, त्याला आणायचं ३७. पपई १२ किलो, आणायची साडेअठरा. अननस ८ किलो, आणायचे १६. द्राक्षं ८ किलो, आणायची साडेआठ. टेबलावर गेलं ४८ किलो आणि बाजारातून आणलं ८० किलो. म्हणजे ताटात १२० ग्रॅम हवं असेल तर बाजारातून माणशी २०० ग्रॅम. हे प्रमाण याच चार फळांचं आहे हं. द्राक्षं वाढवली तर कमी आणावं लागेल, अननस वाढवला तर जास्त.

एक शंका हमखास येते. कलिंगडाच्या फोडी सालासकट ठेवल्या तर? मग स्वयंपाकघरात काही वाया जात नाही, बरोबर. पण माणसाला ५० ग्रॅम गर द्यायचा तर सालासकट फोड ९० ग्रॅमची करावी लागते. साल आधी आपल्या टोपलीत जात होती, आता ती खरकट्यात जाते. कलिंगड तेवढंच लागतं. वाचते ती फक्त सोलणाऱ्याची मेहनत.

आता सॅलड. कापून मांडायच्या सॅलडला मी माणशी ६० ग्रॅम धरते: काकडी २५, गाजर १०, टोमॅटो १०, कांदा १०, बीट ५. बीट कमी, कारण ते सगळ्यांना रंगवतं आणि परतही तेच येतं. चारशे माणसांना हे २४ किलो होतं. काकडी सोलून दोन्ही टोकं काढली की ८० टक्के राहते, म्हणून १० किलोला साडेबारा आणायची. गाजराचं प्रमाण तेच, ४ किलोला ५. बीटही तसंच, २ किलोला अडीच, पण पाला काढलेलं. पाल्यासकट वजन करून घेतलं तर हिशोब पार कोलमडतो. टोमॅटो आणि कांद्यात साधारण दहावा हिस्सा जातो, दोन्ही साडेचार-साडेचार किलो पुरतात. एकूण २९ किलो. काकडी मात्र मी वर एक किलो घेते, कारण प्रत्येक काकडीचं टोक चाखून बघावं लागतं. एक कडू काकडी परातीत गेली तर लोक पुढं सॅलडला हात लावत नाहीत.

इथं कोशिंबिरीचा वेगळा विचार करा. काकडी चोचवून मीठ लावून पिळली, की सोलण्याची घट आणि वर पाण्याची घट, अशा दोन घटी होतात. सोलून ८० टक्के राहिली, त्यातला पाव हिस्सा पाण्यात गेला, तर उरले ६० टक्के. दोन टक्केवाऱ्यांची बेरीज नाही करायची, एकामागून एक लावायच्या. चारशे माणसांना ३० ग्रॅमप्रमाणे १२ किलो पिळलेली काकडी हवी, तर आणायची २० किलो. हेच प्रमाण कापून मांडायच्या काकडीला धरलं तर १० किलोला पावणेसतरा किलो काकडी येईल, आणि चार किलो तशीच पडून राहील. पिळायची नसेल तर मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर तेच पाणी भांड्याच्या तळाशी दिसतं.

आता हे आकडे माझ्या सुरीचे आहेत. तुमचा आचारी साल जाड काढत असेल, कलिंगड लहान किंवा जाड सालीचं असेल, तर उतारा ५० वरही येतो. म्हणून मी आता बाजारात एक काम करते. पोटी घेण्याआधी त्यातलं एक मध्यम फळ विकत घेते, वजन करते, कापते, फोडींचं वजन करते. चार किलोच्या कलिंगडातून दोन किलो दोनशे निघाले तर उतारा ५५. दोनच किलो निघाले तर ५०, आणि मग ३७ ऐवजी ४० किलो घ्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे. आणि वजन करताना क्रेट, पेंढा, पपईचा कागद काट्यावर नाही ना, तेवढं बघा.

शेवटची गोष्ट, वर किती जास्त घ्यायचं? मी दहा टक्के घेते, पण ते न कापता ठेवते. आधी निम्मं कापायचं, टेबल जसं रिकामं होईल तसं पुढचं. अख्खं कलिंगड उरलं तर यजमानांच्या घरी जातं, कापलेलं उरलं तर दोन तासांनंतर उन्हाळ्यात ते द्यायच्या लायकीचं राहत नाही. मे महिन्यात सांगलीतल्या दुपारच्या लग्नाला कलिंगड मी माणशी ८० ग्रॅम धरते. साताऱ्यात डिसेंबरच्या रात्री ३० सुद्धा उरतं. तो बदल नेहमी ताटातल्या आकड्यात करा, आणि मग उताऱ्यानं भागा.

त्या मामांच्या घरी दोन वर्षांनी दुसरं लग्न निघालं आणि त्यांनी मलाच बोलावलं. त्या दिवशी शेवटचा ड्रायव्हर जेवून उठला तेव्हा परातीत सहा-सात फोडी होत्या. मामा काही बोलले नाहीत, एक फोड उचलून खाल्ली.

तुमच्याकडं कुठल्या फळाचा उतारा किती पडतो, तो एकदा मोजून मला जरूर कळवा. पुढच्या भागात ताकाचा आणि मठ्ठ्याचा अंदाज घेऊया. येते मी.