पुरवठादाराचा पाहुणचार



खरेदी आणि भांडार विभागांच्या अधिवेशनात अध्यक्षाने सचोटीवर बोलावे अशी रीत पडली आहे. मी त्याऐवजी एका कागदाबद्दल बोलतो. पुरवठादारांकडून भेटी आणि पाहुणचार घेण्याबाबतचे परिपत्रक आपल्यापैकी अनेकांना लिहावे लागते, आणि ते बहुधा फसते.

फसते ते विशेषणांमुळे. ‘महागड्या भेटी घेऊ नयेत’ असे लिहिले की महागडी कोणती हे घेणाराच ठरवतो. केंद्र सरकारच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतल्या तेराव्या नियमात प्रासंगिक जेवण भेटीत धरलेले नाही, मात्र कामाचा संबंध असलेल्यांचा भपकेबाज किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळा, असे सांगितले आहे. हेतू चांगला, पण भपका कुठे सुरू होतो यावर दोन माणसांचे एकमत होणार नाही. रुपयांची मर्यादा घातली तर तिच्या आत बसणारे गिफ्ट कार्ड सणागणिक येत राहते.

म्हणून माझ्या विभागाच्या परिपत्रकात मी किमतीला हातच घातला नाही. त्यात लिहिले आहे: ‘पुरवठादाराकडून चहा-नाश्ता, कामाच्या दिवशी कामाच्या जागी मिळणारे साधे जेवण आणि त्याच्या कंपनीचे नाव छापलेली डायरी किंवा कॅलेंडर, एवढेच घ्यावे. चौकशीपत्र निघाल्यापासून ऑर्डर जाईपर्यंत जेवण आणि डायरीही नको. इतर काहीही त्याच दिवशी परत करावे आणि नोंदवहीत लिहावे.’ मिठाई परत पाठवता येत नसेल तर ती कँटीनच्या टेबलावर सर्वांसाठी ठेवायची आणि तसे पुरवठादाराला कळवायचे. डबा घरी कुरिअरने आला, बायकोने घेतला, ही सबब चालत नाही. घरी आलेलेही ऑफिसातच आले असे धरायचे.

खरी कसोटी मशीन पाहायला जाताना लागते. समजा, कोइम्बतूरला पंप तयार आहेत आणि माल निघण्यापूर्वी आपल्या इंजिनिअरने तपासणी करायची आहे. पुरवठादार विमानाचे तिकीट, हॉटेल, आणि ‘शनिवार-रविवार आहेच, उटी करून या’ असे सुचवतो. आमच्याकडे तिकीट व हॉटेल कंपनी काढते. अपवाद म्हणून विमानतळावरून कारखान्यापर्यंत त्यांची गाडी आणि दुपारचे त्यांच्या कँटीनमधले जेवण चालते. उटी स्वखर्चानेसुद्धा त्या फेरीत नाही, कारण गाडी कोणाची होती हे नंतर कोणी सांगू शकत नाही. हा शेवटचा भाग तरुण सहकाऱ्यांना जाचक वाटतो. वाटू दे. पंपाचा प्रवाह कमी भरला तर तपासणीच्या अहवालावर ‘नापास’ लिहायचे असते, आणि आदल्या संध्याकाळी ज्याच्या गाडीत बसून हिंडलो त्याच्यासमोर तो शब्द लिहिताना हात अडखळतो.

अशा सहली लपतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी प्राप्तिकर कायद्यातली लाभांवरच्या करकपातीची तरतूद पाहावी. जुलै 2022 पासून, व्यवसायाच्या संबंधातून वर्षाला 20,000 रुपयांहून अधिक मोलाचा लाभ दिला की देणाऱ्याने 10 टक्के कर कापायचा असतो. लाभ कर्मचाऱ्याने घेतला तरी कपात त्याच्या कंपनीच्या नावे दाखवायची, असे खात्याचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे पुरवठादाराने हिशेब चोख ठेवला तर तुमची परदेशवारी तुमच्याच अकाउंट्स विभागाला कंपनीच्या करकपातीच्या विवरणात दिसते.

आता एक गोष्ट, जी परिपत्रकांत जवळजवळ कधीच नसते: वर्गणी. आपला स्टोअरकीपर गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार असतो. तो पुरवठादाराला फोन करून स्मरणिकेत पानभर जाहिरात मागतो. स्वतःच्या खिशात एक पैसा जात नाही, त्यामुळे त्याला यात वावगे काही दिसत नाही. पण ज्याचे बिल त्याच्या टेबलावर मंजुरीसाठी पडले आहे, तो नाही कसे म्हणेल? येणारी भेट एक वेळ नकळत येते. इथे तर आपण होऊन मागितलेले असते. आमच्याकडे हे पूर्ण बंद आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावतीसुद्धा.

लग्नाच्या आहेराचा प्रश्नही याच जातीचा आहे, पण सोपा. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापा आणि पुरवठादारांना पत्रिकाच देऊ नका. पुरवठादार नात्यातला असेल, समजा मामेभाऊ, तर आहेर खुशाल घ्या. मात्र नाते आधी लेखी कळवा आणि त्याच्या कोटेशनची फाइल दुसऱ्याकडे द्या.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हे परिपत्रक कर्मचाऱ्यांपुरते ठेवले तर नकार देण्याचा अवघडलेपणा सर्वांत कनिष्ठ माणसावर येतो. वीस वर्षांच्या ओळखीच्या शेठला त्याने डबा परत न्यायला सांगायचे? म्हणून परिपत्रकाची एक प्रत, व्यवस्थापकीय संचालकांच्या सहीने, नवरात्रापूर्वी प्रत्येक पुरवठादाराला गेली पाहिजे. दिवाळीच्या ऑर्डरी मिठाईवाल्यांकडे त्यानंतर जातात.