नाव एक, लेखने अनेक

आपल्या मालाविषयी लोक काय बोलतात हे दुकानदाराला पूर्वी गल्ल्यावर बसल्या बसल्या कळे. आज तेच बोलणे इंटरनेटवर, कुठल्या तरी बातमीत किंवा प्रवासवर्णनात लिहिले जाते आणि त्याला पत्ताही लागत नाही. गूगलची Google Alerts ही विनामूल्य सोय अशा वेळी कामी येते. आपण शब्द नोंदवून ठेवायचे. ते असलेले नवे पान गूगलला सापडले की आपल्याला ईमेल येते. पण नोंदवायचे कोणते शब्द? सारी मेख तिथेच आहे.

समजा, चिपळूणला एका बाईंचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे आणि त्याचे नाव ‘ऋतुजा मसाले’. बाईंनी पाटीवरचे नाव जसेच्या तसे अवतरणचिन्हांत नोंदवले. महिनाभर एकही ईमेल नाही. आता अवतरणचिन्हांचा अर्थ असा, की हेच शब्द, याच क्रमाने हवेत. लिहिणारा मात्र लिहितो, ‘ऋतुजा मसाल्यांची चव वेगळीच’. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचे सामान्यरूप होते. ‘मसाले’चे ‘मसाल्यां’ झाले आणि जाळ्यातून मासा निसटला! गावाच्या नावाचेही तसेच. ‘चिपळूण’मधला ळू दीर्घ, पण ‘चिपळुणात’ म्हटले की तो ऱ्हस्व होतो. यंत्राच्या लेखी ते वेगळेच शब्द.

दुसरी अडचण ‘ऋ’ची. मराठी माणूस त्याचा उच्चार ‘रु’ करतो, हिंदी भाषक ‘रि’ करतो. म्हणून देवनागरीत रुतुजा, रूतुजा, रितुजा आणि रोमन लिपीत Rutuja, Rituja, Rhutuja अशी सगळी रूपे संभवतात. ही यादी डोक्याने रचत बसू नये. दहाबारा गिऱ्हाइकांना फोनवर नाव सांगावे आणि ‘जरा लिहून पाठवा’ म्हणावे. कुरिअरच्या चिठ्ठ्या आणि जुन्या ऑर्डरी चाळाव्या. लोक खरोखर ज्या चुका करतात, त्याच नोंदवायच्या.

मग दोन सूत्रे करावी, एक देवनागरीचे, एक रोमनचे. OR म्हणजे ‘किंवा’; तो मोठ्या लिपीतच लिहावा लागतो.

```
(ऋतुजा OR रुतुजा OR रितुजा) (मसाला OR मसाले OR मसाल्यांची)
```

```
(Rutuja OR Rituja OR Rhutuja) (masala OR masale) Chiplun
```

इथे अवतरणचिन्हे मुद्दामच नाहीत. नाव आणि माल पानात कुठेही असले तरी पुरे. ऋतुजा हे मुलींचे सर्रास नाव असल्यामुळे ते एकटे नोंदवले, तर नाटक-सिनेमाच्या बातम्यांचाच पूर येईल. मालाचा शब्द त्याला बांध घालतो. नको असलेला शब्द उणे चिन्हाने वगळता येतो, पण हात आखडता ठेवावा. ‘-recipe’ लिहिले, की पाककृतीखाली ‘मी ऋतुजा मसाला वापरते’ असे लिहिणारे पानही गळते.

नोंदवताना भाषेच्या रकान्यात Any Language ठेवावे, कारण देवनागरीतले छोटे पान यंत्र हिंदीही समजू शकते. How many या ठिकाणी All results निवडावे. नाहीतर यंत्र आपल्या मते उत्तम तेवढेच पाठवते आणि लहान धंद्याचा उल्लेख त्यात बसेलच असे नाही. ईमेल दिवसातून एकदा आले तरी पुष्कळ.

आता जाळे धड आहे की फाटके, हे कसे ओळखावे? आपल्याला आधीच ठाऊक असलेला एखादा जुना उल्लेख घ्यावा आणि हेच सूत्र गूगलच्या साध्या शोधात घालून पाहावे. तो उल्लेख सापडला नाही, तर पानावर नाव कसे लिहिले आहे ते पाहून ते रूप सूत्रात भरावे. उलट, वीस ईमेलांत एखादेच कामाचे निघाले, तर देवनागरी सूत्रातही गावाचे नाव घालावे. मात्र मग ‘चिपळूण’, ‘चिपळूणचा’, ‘चिपळुणात’ ही तिन्ही रूपे आली पाहिजेत.

या सोयीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. गूगलला जे पान वाचता येत नाही, ते तिला कळत नाही. व्हॉट्सअपवरचे बोलणे आणि फेसबुकवरचे बंदिस्त गट तिच्या कक्षेबाहेर आहेत. नकाशावर गिऱ्हाइकांनी दिलेले अभिप्राय Google Business Profile मध्ये वेगळे पाहावे लागतात. तेव्हा ईमेल आले नाही, म्हणजे कोणी बोललेच नाही, असे समजू नये. दर दोनतीन महिन्यांनी नव्या चिठ्ठ्या चाळून यादीत भर घालावी. लोक नाव चुकवण्याच्या नव्या तऱ्हा शोधतच असतात.