एका चुलीला एक पत्रिका



लग्नाची तारीख ठरली की हडपसरच्या जुन्या घरांत पहिली बैठक बसते ती पत्रिकांच्या यादीसाठी. यादी एक नसते. आजोबांकडे मागच्या लग्नातली आहेराची वही असते. वडिलांचे सगळे गणगोत मोबाइलमध्ये असते. आई माहेरच्या माणसांची नावे वेगळ्या कागदावर काढते आणि नवरदेवाची मित्रमंडळी एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपात असते. समजा या चारही याद्या एकाखाली एक उतरवल्या आणि साडेसहाशे ओळी झाल्या. त्यातली घरे चारशेसुद्धा भरत नाहीत, कारण एकच पाहुणा चार नावांनी आलेला असतो. आजोबांच्या वहीत तो ‘दत्तात्रय मारुती शिंदे’ असतो, वडिलांच्या फोनमध्ये ‘नाना माळवाडी’, आईच्या कागदावर ‘मंगलचे मिस्टर’ आणि मुलाच्या यादीत नुसता ‘काका’.

बरीच घरे इथेच घाई करतात. याद्या संगणकावर चढवायच्या आणि Remove duplicates हे बटण दाबायचे. ते बटण अक्षर न्‌ अक्षर जुळले तरच दोन ओळींना एक मानते. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ त्याला दोन आडनावे वाटतात. ‘डॉ.’ हे अक्षर कोणी एकाच खुणेने टंकते, तर कोणी आधी काना आणि मग अर्धचंद्र देऊन उमटवते. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखीच दिसतात, पण संगणकाच्या हिशेबी वेगळी असतात. ‘ॲड.’ची गतही तीच. नावानंतर राहून गेलेली मोकळी जागा तर दिसतही नाही. बटण दाबून पाच-सात नावेच गळाली, तर दुबार नावे संपली असे न समजता नावे अजून एका वळणाची झालेली नाहीत असे समजावे.

म्हणून आधी नावांचे रकाने पाडावेत. पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असे तीन. श्री., सौ., डॉ., ॲड. ही बिरुदे चौथ्या रकान्यात, म्हणजे त्यांच्या लेखनातला फरक नावाला चिकटत नाही. पाचवा रकाना हाकेच्या नावाचा. नाना, अप्पा, दाजी, बी. के. सर हे सगळे तिथे. हे नाव खोडायचे नाही, कारण पत्रिका द्यायला जाणारा पोरगा वाडीत नानांचेच घर विचारणार आहे. आणखी एक रकाना, नाव कोणाच्या यादीतून आले त्याचा. दोन ओळी एक केल्या की तिथे ‘आजोबा, आई’ असे दोघांचेही नाव राहते. पुढे कोणी म्हणाले की माझ्या मावशीचे नाव कुठे गेले, तर माग काढता येतो. मूळ याद्यांना हातही लावायचा नाही; काम त्यांच्या नकलेवर करायचे.

मधले नाव हा मराठी माणसाच्या यादीचा मोठा आधार आहे. एकाच वाडीत एकाच आडनावाची वीस घरे असली तरी दोन दत्तात्रयांना वडिलांच्या नावावरून वेगळे करता येते. पण एक धोका आहे. कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी शेवटी, म्हणून काही जण शब्दांचा क्रम न पाहता नावे जुळवतात. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे मारुती दत्तात्रय शिंदे हे वडील आणि दत्तात्रय मारुती शिंदे हा त्यांचा मुलगा, दोघेही एकाच यादीत असू शकतात. क्रम सोडून जुळवले की बाप-लेक एकच होतात आणि त्यातला एक गळतो. तीन रकाने पाडलेले असले तर ही चूक होत नाही.

यानंतर मोबाइल नंबर. सुरुवातीचे शून्य, अधिक एक्क्याण्णव आणि मधल्या मोकळ्या जागा काढून शेवटचे दहा आकडे ठेवावेत आणि त्यांच्या क्रमाने यादी लावावी. ‘नाना माळवाडी’ आणि ‘दत्तात्रय मारुती शिंदे’ लगेच शेजारी येतात. नंबर जुळला तर घर बहुधा एक. माणूस एकच असेल असे मात्र नाही. म्हाताऱ्या वडिलांच्या नावापुढे मुलाचाच नंबर लिहिलेला असतो. उलट ज्याच्याकडे दोन फोन आहेत तो नंबराने सापडत नाही.

लेकीबाळींची नावे सर्वांत जास्त निसटतात. आजोबांच्या वहीत आत्याची मुलगी माहेरच्या नावाने असते, आणि वडिलांच्या यादीत तिच्या नवऱ्याचे नाव फुरसुंगीच्या पत्त्यासह. नाव, आडनाव, मधले नाव, यांतले काहीच जुळत नाही. हे संगणकाला कळणार नाही. आजीला विचारावे लागते. विवाहितेच्या ओळीत माहेरचे आडनाव वेगळे लिहून ठेवले तर पुढच्या कार्याला तेवढे विचारणे वाचते.

आता खरा प्रश्न. दुबार म्हणायचे कशाला? पत्रिका माणसाला जात नाही, चुलीला जाते. एका इमारतीत खाली थोरला भाऊ आणि वर धाकटा, पत्ता एक, आडनाव एक, मधले नावही एक. पण चुली वेगळ्या असतील तर पत्रिका दोन. याउलट एकत्र राहणारे बाप आणि दोन कर्ते मुलगे तीन याद्यांत आले असले तरी पत्रिका एकच, कर्त्या माणसाच्या नावे. शेतजमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी राहिली, जुन्या वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, तशी एकाच पत्त्यावर राहणारी भावकी वाढली. म्हणून हडपसरात पत्ता जुळला एवढ्यावरून नाव काढणे फार धोक्याचे.

इथे दोन्ही चुका सारख्या नाहीत. एका घरी दोन पत्रिका गेल्या तर एका कागदाचे नुकसान. एक चूल वगळली गेली तर तो रुसवा पुढच्या पिढीपर्यंत चालतो. तेव्हा शंका असेल तिथे ओळ खोडू नये, खूण करावी. 2025च्या अखेरीस स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आल्या, तेव्हा राज्य निवडणूक आयोगानेही हाच मार्ग घेतला. संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे लावायचे आणि कोणत्या केंद्रावर मतदान करणार हे त्या मतदारालाच विचारायचे, असे ठरवले. घरच्या यादीतही संशयाच्या जोडीपुढे दोन तारे मांडावेत आणि निकाल माहितगार माणसावर सोपवावा.

त्यासाठी यादी वस्तीवार लावून घ्यावी. गाडीतळ, ससाणेनगर, मांजरी, फुरसुंगी, असे गट. मग आजी-आजोबांना बसवून एकेक वस्ती मोठ्याने वाचावी. ‘अगं, हा आणि मघाचा एकच,’ किंवा ‘नाही, ते दोघे चुलतभाऊ,’ हे उत्तर तिथेच मिळते. वाचताना न आलेले एखादे नावही कोणाला तरी आठवते. वस्तीवार यादीचा दुसरा उपयोग म्हणजे पत्रिका वाटायला जाणाऱ्याचा रस्ताही तोच.

या बैठकीनंतर यादी एकाच माणसाच्या हाती राहिली पाहिजे. उशिरा आठवलेले नाव आपापल्या फोनमध्ये न ठेवता त्याच्याकडेच द्यायचे, नाहीतर आठवड्यात पुन्हा चार याद्या होतात. प्रत्येक चुलीला अनुक्रमांक द्यावा आणि तोच पत्रिकेच्या पाकिटावर कोपऱ्यात लिहावा. लग्नाच्या दिवशी आहेराची वही लिहिणाऱ्याने नावाआधी तो क्रमांक टाकला, की ती वहीच पुढच्या लग्नाची तयार यादी होते.