सेल्फीतली माय दोरी ओढली की हात हलवते

मी नरसी नामदेवहून बोलतेय, इथल्या बचत गटांचं काम बघते. आज लेकरांसाठी एक बाहुली सांगते. चेहरा मोबाइलमधल्या सेल्फीचा, अंग पुठ्ठ्याचं, आणि खालून दोरी ओढली की हातपाय उचलते.

आमच्या गटातल्या एका आजीकडं तिची नात राहते. मायबाप ऊसतोडीला गेलेले. मायनं फडातून सेल्फी पाठवली होती, डोक्याला रुमाल बांधलेला, मागं उसाच्या मोळ्या. पोरीला त्याच फोटोची बाहुली हवी होती. मायला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, थांब, रुमाल काढून चांगला पाठवते. पोरगी म्हणाली, नको, हाच.

सेल्फी हातभर अंतरावरून काढलेली असते. म्हणून चेहरा मोठा येतो आणि खांद्याखाली काहीच नसतं. त्यातलं फक्त डोकं घ्यायचं. पण हनुवटीला लागून कापू नका, खाली बोटभर मान ठेवा, नाहीतर चिकटवायला जागा उरत नाही. झेरॉक्सवाल्याला सांगायचं, हनुवटीपासून डोक्यापर्यंत ४ सेंटिमीटर येऊ दे. काळीपांढरी प्रतही चालते. रंगीत प्रिंट असेल तर कोपऱ्यावर ओलं बोट फिरवून बघा. रंग पसरला तर डिंक फोटोला न लावता पुठ्ठ्याला पातळ लावायचा. आणि दुकानातून निघण्याआधी आपला फोटो त्यांच्या मोबाइलमधून, कॉम्प्युटरमधून आपल्या डोळ्यांदेखत काढून टाकायला लावा. बायामुलींचा फोटो असतो, त्यात संकोच कसला.

आता अंग. चहाच्या खोक्याचा किंवा लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या. धड ७ सेंटिमीटर, पाय ९, म्हणजे डोक्यासकट बाहुली वीतभर होते. हात ८ सेंटिमीटर कापा, कारण वरचा भाग धडाच्या मागं लपतो. सगळी गंमत या लपलेल्या भागात आहे. हाताचं वरचं टोक आणि पायाचं वरचं टोक गोल ठेवायचं, चांगलं दोन बोटं रुंद. खांदे त्याहून रुंद हवेत, म्हणजे मागचं काही दिसत नाही. त्या पोरीनं मायच्या साडीसारखा जुन्या वहीच्या कव्हरचा हिरवा कागद चिकटवला. कागद एकाच बाजूला चिकटवला तर वाळताना पुठ्ठा वाकतो. मागूनही वर्तमानपत्र चिकटवा आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा.

सांधा असा करायचा. भोक पाडायच्या जागी आधी चिकटपट्टी लावा, मग दाभणानं भोक पाडा, म्हणजे ते फाटत नाही. हे काम मोठ्यांनी करावं. गोधडीचा दुहेरी दोरा समोरून मागं घ्या, दोन्ही बाजूंना गाठ. मागची गाठ मारताना मधे आगकाडी ठेवायची आणि नंतर ओढून घ्यायची. तेवढीच ढील लागते. हात उचलून सोडा. तो आपोआप खाली पडला तर सांधा बरोबर, वरच अडकला तर गाठ घट्ट झाली.

दोऱ्यावरची बाहुली आपल्याकडं नवी नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे दोरे वरून असतात, आपला खालून.

बाहुली पालथी ठेवा, हात खाली सोडलेले. सांध्याच्या थोडं वर आणि धडाच्या मधल्या बाजूला, सांध्यापासून एक सेंटिमीटरवर, दोन्ही हातांना दुसरं भोक पाडा. या दोन भोकांमध्ये आडवा दोरा बांधा, ताणून नको, नुसता सरळ. पायांनाही तसंच. मग एक उभी दोरी आधी वरच्या आडव्या दोऱ्याच्या मधोमध, नंतर खालच्याच्या मधोमध गाठायची आणि पायाखाली वीतभर लोंबत सोडायची. टोकाला शर्टाचं जुनं बटण बांधा.

ओढल्यावर हात उचललेच नाहीत, उलट आत दबले, तर दुसरं भोक बाहेरच्या बाजूला पडलंय असं समजा. एकच हात उचलला तर उभ्या दोरीची गाठ मधोमध नाही, ती सरकवा. हात वर जाऊन खाली येत नसेल तर पुठ्ठा हलका आहे, तळव्यामागं पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा चिकटवा.

आणि कुणाकडं पूर्ण उभा फोटो असेल, तर त्याच्या दोन प्रती काढा. एकीतून डोकं नि धड कापा, दुसरीतून हातपाय, वरच्या टोकाला जास्तीचा भाग ठेवून. एकाच प्रतीतून हात कापला की खांद्याशी बसवायला कागदच उरत नाही.