ताटामागे काय उरतं?



तीस वर्षं मी हॉटेलाच्या गल्ल्यावर बसलो आहे. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "महिन्याला किती धंदा झाला म्हणजे हॉटेल सुटतं?" आज त्या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे, कारण या प्रश्नाला एक ठरलेला आकडा हे उत्तर नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.

एकच वस्तू विकणाऱ्या दुकानाचा हिशेब सरळ असतो. महिन्याचा ठरलेला खर्च घ्यायचा, एका नगामागे उरणाऱ्या पैशांनी त्याला भागायचं, की किती नग विकायचे ते कळतं. आपल्याकडे मात्र एकाच टेबलावर वीस रुपयांचा चहा आणि साडेचारशे रुपयांची सुरमई थाळी शेजारी शेजारी असतात. मग कशाला कशाने भागायचं?

माझ्या हॉटेलसारख्या एका हॉटेलाचं उदाहरण घेऊ. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल करून सांगतो, आणि सगळे भाव जीएसटी सोडून आहेत. महिन्याचं भाडं ९०,००० रुपये. आचारी, मदतनीस, वेटर, भांडी घासणारे यांचे पगार २,१०,०००. घरच्या दोन माणसांचा मेहनताना ६०,०००. वीज, व्याज, परवाने, दुरुस्ती मिळून आणखी ६०,०००. एकूण ४,२०,०००. गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय, हा खर्च होणारच. घरच्या माणसांचा मेहनताना यात मुद्दाम धरला आहे. तो न धरता "हॉटेल सुटतंय" म्हणणारी कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. प्रत्यक्षात तिथे वहिनी आणि धाकटा भाऊ फुकट राबत असतात.

आता चार पदार्थ घ्या. चहा २० रुपयांना विकतो, त्यात दूध, साखर, पत्ती, गॅस मिळून ८ रुपये जातात, १२ उरतात. मिसळ ९० ची, खर्च ३६, उरतात ५४. साधी थाळी १६० ची, खर्च ९०, उरतात ७०. सुरमई थाळी ४५० ची, खर्च ३००, उरतात १५०. भाव वजा त्या ऑर्डरीपायी वाढलेला खर्च, याला हिशेबनीस 'योगदान' म्हणतात. मी त्याला शिल्लक म्हणेन.

यातल्या सुरमईच्या ३०० रुपयांकडे जरा जवळून बघा. अख्खी सुरमई ९०० रुपये किलोनं घेतली, तर डोकं, शेपूट, आतडी गेल्यावर साधारण दोन तृतीयांश मासा हाती लागतो. म्हणजे तव्यावर जाणाऱ्या माशाचा भाव किलोला १,३५० झाला. १५० ग्रॅमची तुकडी २०२ रुपयांना पडली. उरलेल्या शंभरेक रुपयांत भाकरी, भात, सोलकढी, मसाला, तेल आणि गॅस. वस्तादांनी हात सैल सोडून १८० ग्रॅमची तुकडी कापली, तर ४० रुपये तिथेच गेले आणि दीडशेची शिल्लक एकशेदहावर आली. म्हणून कापायच्या ओट्यावर तराजू हवा. पुढचा सगळा हिशेब त्या तराजूवर उभा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बहुतेक जण चार पदार्थांच्या टक्क्यांची सरासरी काढतात. चहा आणि मिसळ साठ-साठ टक्के, थाळी चव्वेचाळीस, सुरमई तेहतीस. सरासरी आली साधारण एकोणपन्नास. चार लाख वीस हजारांना त्यानं भागलं की साडेआठ लाखांच्या आसपास धंदा पुरेल असं दिसतं. हे उत्तर चुकीचं आहे, कारण त्यात चहाच्या वीस रुपयांना आणि सुरमईच्या साडेचारशे रुपयांना एकच वजन दिलं आहे.

बरोबर रीत अशी. बिलिंग मशीनमधून महिन्याची पदार्थवार विक्री काढा आणि दर शंभर ऑर्डरींत कोणता पदार्थ किती वेळा गेला ते पाहा. यालाच विक्रीचं मिश्रण म्हणायचं. समजा, शंभरात ४० चहा, ३० मिसळी, २० साध्या थाळ्या आणि १० सुरमई थाळ्या गेल्या. या शेकड्याची विक्री होते ११,२०० रुपये. शिल्लक बघा: चहाचे ४८०, मिसळीचे १,६२०, साध्या थाळीचे १,४०० आणि सुरमईचे १,५००, एकूण बरोबर ५,०००. म्हणजे सरासरी एका ऑर्डरीमागे ५० रुपये उरले. आता ४,२०,००० ला ५,००० नी भागा. ८४ शेकडे, म्हणजे ८,४०० ऑर्डरी, म्हणजे ९,४०,८०० रुपयांची विक्री. तीस दिवसांच्या महिन्यात रोज २८० ऑर्डरी. साडेआठ लाखांवर समाधान मानणारा मालक याच मिश्रणात महिन्याला सुमारे चाळीस हजार घरातून घालत असतो, आणि वर्ष संपेपर्यंत त्याला ते कळत नाही.

इथपर्यंत हिशेब कागदावरचा झाला. खरी परीक्षा मिश्रण बदलतं तेव्हा होते, आणि आपल्याकडे ते दरवर्षी बदलतं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि ती संपते त्या सुमाराला श्रावण लागतो. दीप अमावस्येला उसळलेली गर्दी दुसऱ्या दिवशी शाकाहारावर येते. श्रावणातला शेकडा असा धरा: ४० चहा, ४० मिसळी, १८ साध्या थाळ्या आणि फक्त २ सुरमई. विक्री होते ८,१८० आणि शिल्लक ४,२००.

इथे एक सापळा आहे. टक्क्यांत पाहिलं तर श्रावण फार चांगला दिसतो. आधी शंभर रुपयांच्या विक्रीत पंचेचाळीसेक रुपये उरत होते, आता एक्कावन्न उरतात. धंदा सुटायला लागणारी विक्रीही ९,४०,८०० वरून ८,१८,००० वर उतरते. माझ्या ओळखीचे एक हिशेबनीस हा कागद पाहून म्हणाले होते, "शेठ, मासे बंदच करा, टक्का सुधारतोय." पण एका ऑर्डरीमागची शिल्लक पन्नासवरून बेचाळीसवर आली आहे. त्यामुळे तोच खर्च भरून काढायला आता १०० शेकडे लागतात, म्हणजे ८,४०० च्या जागी १०,००० ऑर्डरी, रोज २८० च्या जागी ३३३. वेटर तेवढेच, खुर्च्या तेवढ्याच, तवा तोच. आणि ऑर्डरी जुन्याच ८,४०० राहिल्या, तर शिल्लक होते ३,५२,८००. महिन्याची तूट ६७,२००. टक्का सुधारला आणि खिसा फाटला, असे हे महिने असतात.

मेन्यू इंजिनिअरिंगची जी पद्धत आज जगभर शिकवली जाते, ती मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मांडली. तिचा गाभाही हाच आहे: पदार्थ टक्क्यांवर जोखू नका, तो किती खपतो आणि दर ताटामागे किती रुपये सोडतो, यावर जोखा. भाडं आणि पगार आपण टक्क्यांत देत नाही, रुपयांत देतो.

याचा अर्थ चहा काढून टाका, असा मुळीच नाही. दुपारी चार वाजता टेबलं रिकामी असतात, तेव्हा चहाचे बारा रुपये निव्वळ भर घालतात. पण दुपारी एक ते तीन या वेळात अडचण असते ती खुर्चीची. सुरमई थाळीला गिऱ्हाईक चाळीस मिनिटं बसलं, तर खुर्चीनं मिनिटाला पावणेचार रुपये मिळवले. मिसळीला वीस मिनिटं लागली, तर दोन रुपये सत्तर पैसे. नुसत्या चहावर पंधरा मिनिटं गेली, तर ऐंशी पैसे. म्हणून गर्दीच्या वेळी चहा काउंटरवर उभ्यानं द्या आणि टेबल जेवणाऱ्याला मोकळं ठेवा. पदार्थ तेच, भाव तेच, फक्त वेळ पाहून मिश्रण आपल्या बाजूला वळवायचं.

मिश्रण बदलण्याची दुसरी वाट अलीकडची आहे: मोबाइलवरून येणारं पार्सल. साधी थाळी ॲपवर १६० लाच लावली, कमिशन २५ टक्के धरलं तर ४० रुपये गेले, डबे आणि पिशवीचे १० गेले. सत्तरची शिल्लक वीसवर आली. कमिशनवरचा कर यात धरलेलाही नाही. मेन्यूत ती एकच थाळी दिसते, हिशेबात मात्र ते दोन वेगळे पदार्थ आहेत आणि दोन वेगळ्या ओळींतच लिहायला हवेत. शेकड्यातल्या वीस थाळ्यांपैकी दहा टेबलावरून ॲपवर सरकल्या, तर शिल्लक ५०० नी घटून ४,५०० होते आणि ८,४०० ऑर्डरींऐवजी ९,३३४ लागतात. ॲपवरचं गिऱ्हाईक नवं असेल, तर वीस रुपयेही भरच आहेत. पण आपलंच नेहमीचं गिऱ्हाईक घरी बसून मागवू लागलं असेल, तर तो तोटा आहे. हे ओळखायचं तर एकूण ऑर्डरी वाढल्या की टेबलावरच्या तेवढ्या कमी झाल्या, ते पाहा.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. ती प्रत्येक ऑर्डर सुटी धरते, माणसं मात्र घोळक्यानं येतात. चौघांच्या घरात दोघं मासे खाणारे असतील आणि आपण सुरमई बंद केली, तर दोन सुरमई थाळ्यांचे तीनशेच रुपये जात नाहीत. ते चौघंही शेजारच्या हॉटेलात जातात आणि दोन साध्या थाळ्यांचे १४० त्यांच्याबरोबर जातात. म्हणून एखादा पदार्थ काढण्याआधी तो ज्या बिलांवर आहे, ती पूर्ण बिलं काढून पाहा. दुसरं, ठरलेला खर्चही एका हद्दीपर्यंतच ठरलेला असतो. रोजच्या ३३३ ऑर्डरींसाठी एक वेटर जास्त लावावा लागला, की ४,२०,००० हा आकडाच बदलला आणि भागाकार पुन्हा करावा लागला.

मित्रांनो, एवढ्या सगळ्यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. दर सोमवारी गेल्या आठवड्याची पदार्थवार विक्री काढा, प्रत्येकापुढे त्याची शिल्लक लिहा, बेरीज करा आणि एकूण ऑर्डरींनी भागा. जो एक आकडा येईल, तो गल्ल्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या उदाहरणात तो पन्नास होता. तो दोन आठवडे लागोपाठ घसरला, तर गल्ला कितीही भरलेला दिसो, तीन गोष्टी तपासा: बाजारभाव वाढला का, तुकडी मोठी झाली का, की गिऱ्हाईक दुसऱ्या पदार्थाकडे वळलं. कारण या तिन्हींपैकीच एक असेल.

येत्या सोमवारी एवढा एक भागाकार प्रत्येकानं करावा, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.