‘तुला नाही ना बोललो!’

(लग्नाच्या वयातल्या मुलामुलींसाठी घेतलेल्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, आजचा प्रश्न तुमच्यापैकीच काहींनी चिठ्ठीवर लिहून दिला होता. ज्याच्याशी किंवा जिच्याशी माझं लग्न ठरतंय, ती व्यक्ती माझ्याशी फार चांगली वागते. पण हॉटेलातल्या वेटरशी, कॅबच्या ड्रायव्हरशी, घरी कामाला येणाऱ्या मावशींशी उर्मटपणे बोलते. मी काळजी करावी का? उद्या हे माझ्यावर उलटेल का?

इंग्रजी वाचणाऱ्यांना ‘वेटर रूल’ माहीत असेल. जो तुमच्याशी चांगला आणि वेटरशी वाईट वागतो, तो चांगला माणूस नव्हे, असा त्याचा अर्थ. २००६ च्या सुमारास अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचे प्रमुख बिल स्वॉन्सन यांच्या नियमांच्या पुस्तिकेमुळे तो गाजला. पुढे कळलं की त्यातले बरेच नियम १९४४ च्या एका इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून उचललेले होते, आणि वेटरचं वाक्यही डेव्ह बॅरी या विनोदी लेखकाच्या लिखाणात आधीच येऊन गेलेलं होतं. माणसाची पारख शिकवणाऱ्या पुस्तिकेचीच पारख झाली म्हणायची! ते असो. नियम कुणाचाही असला तरी तो खरा आहे का, हे पाहायला हवं.

मला तो अर्धा खरा वाटतो. कारण ‘स्वभाव’ ही गोष्ट आपण समजतो तशी सरसकट नसते. वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की माणसाचं एका प्रसंगातलं वागणं पाहून वेगळ्याच प्रसंगातलं वागणं फारसं ओळखता येत नाही. दुकानात चिडणारा माणूस घरी शांत असू शकतो. मग स्वभाव असं काही नसतंच का? असतं. मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. एखादा मुलगा सोबत्यांनी चिडवलं की भडकायचा, पण मोठ्या माणसाने दटावलं तर गप्प राहायचा. दुसऱ्याचं नेमकं उलटं. आणि प्रत्येकाचा हा आपापला साचा बऱ्यापैकी पक्का होता. म्हणजे स्वभाव ‘हा रागीट आहे’ या एका शब्दात सापडत नाही. तो ‘असं झालं, तर हा असं करतो’ या रूपात सापडतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हे ‘जर-तर’ मला लगेच समजतं. आपल्या प्रश्नातलं ‘तर’ सोपं आहे: तो अपमान करतो. अवघड आहे ते ‘जर’. वेटर हा त्याचा अर्धाच भाग आहे. वेटरवर ओरडताना तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक, माझ्या मनासारखं झालेलं नाही. दोन, समोरचा माझ्यापेक्षा खालचा आहे असं मी धरून चाललोय. तीन, तो उलट बोलू शकत नाही, कारण त्याची नोकरी जाईल.

आता लग्नाचा विचार करा. मंगनीच्या काळात यातलं तुम्हाला काहीच लागू नसतं. तुम्ही अजून नकार देऊ शकता, तुमचे अब्बू समोर बसलेले असतात, तुमचा पगार तुमच्या खात्यात असतो. पण निकाहनंतर मुलगी दुसऱ्या गावी जाते. बाळंतपणात नोकरी सुटते. महिन्याच्या खर्चासाठी हात पसरावा लागतो. ‘माहेरी काय सांगू’ म्हणून ती गप्प बसते. बायको वेटर होत नाही, पण त्या तीनही गोष्टी तिला लागू होऊ शकतात. मुलग्यांनो, हे तुम्हालाही आहे. कामवाल्या मावशींना एका दांडीसाठी घालूनपाडून बोलणारी मुलगी उद्या तुमच्या अंथरुणाला खिळलेल्या अम्मीशी कशी वागेल, तुमची नोकरी गेल्यावर तुमच्याशी कसं बोलेल, हा प्रश्न तोच आहे.

म्हणून विचारायचं ते असं: ‘हा राग माझ्यावर येईल का?’ नव्हे, तर ‘ज्या दिवशी मी उलट बोलू शकणार नाही, त्या दिवशी हा माणूस माझ्याशी कसा वागेल?’

हे पाहायचं कसं, ते एका मैत्रिणीच्या उदाहरणाने सांगते. तिच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मंगनी झालेली, निकाह सहा महिन्यांवर. हॉटेलात भाजी तिखट आली. मुलाने चुटकी वाजवून वेटरला बोलावलं. वेटर तिच्या अब्बूंच्या वयाचे. त्यांना म्हणाला, “डोकं गहाण ठेवून आलायस का?” आणि लगेच हिच्याकडे वळून गोड आवाजात, “तू अजून काय घेणार?” तिला अपमानापेक्षा हे एका क्षणात आवाज बदलणं खटकलं. पण तिने एका प्रसंगावर निकाल दिला नाही. माणूस भुकेला असतो, दमलेला असतो.

काही दिवसांनी कॅबमध्ये ड्रायव्हरचं वळण चुकलं. पुन्हा ‘तू’, पुन्हा अक्कल काढणं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. काम वेळेत झालं नाही म्हणून पलीकडून बोलणी बसत होती आणि हा शांतपणे “हो सर, नक्की सर” म्हणत होता. तिथे तिला एक गोष्ट कळली. त्याला राग आवरता येतो. कुणासमोर आवरायचा, हे तो ठरवतो. सगळ्यांवरच सारखा चिडणारा माणूसही त्रासदायक असतो, पण तो प्रश्न वेगळा. इथे राग फक्त खालच्या दिशेने वाहत होता.

मग ती त्यांच्या घरी गेली. इस्त्री नीट नाही म्हणून त्याने कामाच्या बाईंसमोर शर्ट फेकला. आणि जेवताना धाकट्या बहिणीशी तो अगदी त्याच आवाजात बोलला. बहीण शिकत होती, कमावत नव्हती. म्हणजे तो आवाज पगारी माणसांपुरता राहिलेला नव्हता. जो जो त्याच्यावर अवलंबून, त्याच्यासाठी तो होता.

तरीही तिने तोडलं नाही. तिने विचारलं. भांडण न करता, एकांतात म्हणाली, “त्या काकांशी तुम्ही असं बोललात, ते मला आवडलं नाही.” उत्तर आलं, “तुला नाही ना बोललो!” दुसऱ्यांदा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “लग्नानंतर हे असं टोकणं चालणार नाही हं.”

मित्रमैत्रिणींनो, या दोन वाक्यांत सगळं आहे. पहिल्यात तो म्हणतोय, माणसांचे दोन गट आहेत आणि तू सध्या वरच्या गटात आहेस. दुसऱ्यात गट कधी बदलेल ती तारीखही त्याने सांगून टाकली. घरातली मोठी माणसं म्हणाली, रागीट आहे पण मनाचा साफ आहे. तिने मंगनी मोडली. लग्न झालंच नाही, त्यामुळे तो तिच्याशी पुढे कसा वागला असता, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. पण तिने वेटरच्या प्रसंगावरून निर्णय घेतला नाही, त्या उत्तरावरून घेतला.

याच्या उलटही घडतं. माझ्या ओळखीतल्या एकाने अम्मीला दवाखान्यात नेताना रिक्षावाल्यावर आवाज चढवला. उतरल्यावर अम्मीला आत बसवून तो बाहेर परत गेला आणि म्हणाला, “भाऊ, माझं चुकलं.” होणारी बायको आत होती, तिला ते दिसतही नव्हतं, रिक्षावाल्याकडून नंतर कळलं. चूक झाल्यावर माफी कुणाकडे मागितली जाते ते पाहा. तुमच्याकडे मागितली, तर ती तुम्हाला राजी ठेवण्यासाठी असू शकते. ज्याचा अपमान झाला त्याच्याकडे मागितली, तर तो त्याला माणूस समजतो.

आणखी एक मर्यादा सांगते. वेटरशी गोड बोलला म्हणजे परीक्षा पास, असं धरू नका. आमच्या क्षेत्रात एडसगर डाइक्स्ट्रा यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे, की चाचणीतून चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे दाखवता येत नाही. पहिल्या चार भेटींत सगळेच ‘थँक यू भैया’ म्हणतात, टिपही ठेवतात. उर्मटपणा दिसला तर काहीतरी कळलं. नाही दिसला तर फार काही कळलं नाही.

मग खरं कळणार कुठून? आपल्या परंपरेत याचं उत्तर आहे. हजरत उमर (र.) यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी विचारल्या असं सांगितलं जातं. तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याबरोबर प्रवास केलास का? त्याच्याशी पैशांचा व्यवहार केलास का? तिन्हीला नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. मशिदीत नमाज पढताना पाहिलं असशील. आणि प्रेषित मुहम्मद (स.) घरात कसे होते, याची साक्ष कुणी दिली? लहानपणापासून त्यांच्या घरी सेवेत असलेल्या हजरत अनस (र.) यांनी. दहा वर्षांत त्यांच्या तोंडून साधा ‘उफ्’सुद्धा ऐकला नाही, असं ते सांगतात. म्हणजे अखलाकची साक्ष इथे हाताखालच्या माणसाने दिली आहे.

आपण रिश्त्याची चौकशी करताना नेमकं उलटं करतो. साहेबांना विचारतो, मामूंना विचारतो, मशिदीत विचारतो. वॉचमनला, ड्रायव्हरला, घरकाम करणाऱ्या मावशींना विचारत नाही. त्यांना विचारा. फक्त ‘मुलगा कसा आहे?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘चांगला आहे’ हेच येणार, त्यांची रोजी त्या घरावर असते. ‘तुम्ही आजारी पडलात तर सुट्टीचे पैसे कापतात का?’, ‘पगार कोणत्या तारखेला मिळतो?’, ‘काही फुटलं तर काय होतं?’ असं विचारा. आणि ते जे सांगतील ते त्यांच्या नावाने कुठेही बोलू नका.

हीच चौकशी कुणी आपल्या घरी करायला आलं, तर आपल्या मावशी काय सांगतील, हे आज घरी गेल्यावर पाहा. त्यांचा कप अजून वेगळा ठेवलेला असेल, तर सुरुवात तिथून करता येईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.